राणीछाप रुपया घेताना

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. गंजके पाने, बंद घड्याळं, कुणाच्या तरी लग्नातली नाव घातलेली भांडी, आणि त्यांच्या अधेमधे एखाद्या चादरीवर नाण्यांचा ढीग. मुंबईच्या चोर बाजारातही हा ढीग दिसतो. जुन्या वस्तू घ्यायला नव्यानं निघालेल्या माणसानं पहिली खरेदी या ढिगातून करावी असं माझं मत आहे, आणि तीही चांदीच्या रुपयाची. पितळी समईची किंमत विक्रेत्याच्या तोंडावर आणि तुमच्या चेहऱ्यावर ठरते. रुपयाची खालची किंमत मात्र घरून निघतानाच काढता येते.

ती अशी. 1835 पासून 1939 पर्यंतचा रुपया, मग तो कंपनी सरकारचा असो, राणीछाप असो की राजाछाप, 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, उरलेलं तांबं. म्हणजे एका रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. समजा आज चांदी ग्रॅमला 150 रुपये आहे, तर त्या नाण्यात 1600 रुपयांची चांदी झाली. त्या दिवशीचा खरा भाव सकाळच्या पेपरात पाहून हा आकडा मनात ठेवायचा. नेहमी मिळणाऱ्या वर्षाचा, वापरून गुळगुळीत झालेला रुपया या आकड्याच्या आसपास मिळायला हवा. नक्षी ठसठशीत असेल तर थोडा वर.

1940 साली युद्धामुळे सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, सहावा जॉर्जही तोच, पण आत चांदी जेमतेम पावणेसहा ग्रॅम. वरच्याच भावानं ती पावणेनऊशेच्या आत येते. चादरीवर दोन्ही एकाच दरानं विकले जातात, म्हणून आधी साल वाचायचं. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया तर चांदीचा नाहीच, तो निकेलचा आहे. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. हा रुपया त्याला चिकटतो. विक्रेता त्याला ‘शेवटची चांदी’ म्हणत असेल, तर त्याच्या बाकीच्या मालाकडेही त्याच नजरेनं पाहावं.

चुंबकाला न चिकटणारं प्रत्येक नाणं खरं, असं मात्र समजू नका. बनावट रुपये बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्या धातूत चांदी औषधालाही नसते, आणि चुंबक त्याला ओढत नाही. तिथं काम करतो तो तराजू. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशात मावणारा काटा फारसा महाग नसतो. जर्मन सिल्व्हर चांदीपेक्षा हलकं असल्यामुळे त्याच मापाचं, त्याच जाडीचं नाणं पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरतं. खरा रुपया झिजून साडेअकराचा होईल, बराच झिजला तर थोडा आणखी खाली येईल. नक्षी ताजी आणि वजन मात्र दहाच्या खाली, हे नाणं खाली ठेवावं.

वजन बरोबर आलं की कड बघायची. टाकसाळीत नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि काठावरच्या उभ्या रेघा सारख्या अंतरावर असतात. बनावट नाणं बऱ्याचदा साच्यात ओतलेलं असतं. त्याच्या सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे किंवा फोड दिसतात, राणीच्या केसांच्या बटा लोण्यासारख्या वितळलेल्या वाटतात, आणि काठावर दोन साचे जुळल्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याची खूण. हे सगळं दहापट दाखवणाऱ्या भिंगातून सहज कळतं. नाणं दगडावर आपटून आवाज ऐकवणारे विक्रेते आहेत, पण बाजाराच्या गलक्यात त्या आवाजावरून कुणाला काही कळत असेल असं मला वाटत नाही.

आता ‘लई जुनं आहे साहेब’ या वाक्याकडे येऊ. नाण्याच्या बाजारात जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. राणीच्या रुपयावर 1862 हे साल सर्वांत जास्त आढळतं, कारण पुढची कितीतरी वर्षं टाकसाळींनी तेच साल छापून नाणी पाडली. साल दरवर्षी बदलायला लागलं ते 1874 पासून. कंपनीच्या 1835 आणि 1840 च्या रुपयांचंही तसंच. उलट 1939 चा रुपया, जो आपल्या आजोबांच्या काळातला, तो खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच त्याची नक्कल सर्वाधिक होते, कधी दुसऱ्या सालचा शेवटचा आकडा कोरून. असा रुपया चादरीवर दिसला तर तो तिथंच राहू द्यावा. त्याची खरेदी जाणकार, पावती देणाऱ्या नाणेविक्रेत्याकडूनच करायची असते.

राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’, असं तांब्याचं जाड नाणं दाखवून काहीजण हजारोंच्या गोष्टी करतात. कंपनीनं असं चलन कधी पाडलं नाही. देवाच्या टोकनांची परंपरा खरी आहे, पण हे साल घातलेले तुकडे अलीकडे तयार केलेले आहेत. त्यातलंच एखादं ‘तांदूळ ओढणारं’ म्हणून विकायला निघालेला भेटला, तर तो उघड फसवणुकीचा धंदा आहे.

भावाचं बोलणं या सगळ्यानंतर. समजा 1919 चा राजाछाप रुपया तुम्हाला आवडला. तो लगेच उचलू नका. तीन-चार नाणी हातात घ्या, त्यात तोही असू द्या. ‘काका, हा केवढ्याला?’ उत्तर येतं, साडेतीन हजार. ‘निम्मे देतो’ म्हणणं चुकीचं, कारण साडेतीन हजार हा आकडा निम्मे केल्यावर परवडावा म्हणूनच सांगितलेला असतो. त्याच्या आकड्याकडे पाठ फिरवून आपल्या आकड्यापासून सुरुवात करायची. काटा काढून त्याच्यासमोर वजन करा: 11.48. ‘काका, साडेदहा ग्रॅम चांदी झाली, आजच्या भावानं पावणेसोळाशे. पंधराशे देतो.’ तो हसेल, आपली गिऱ्हाइकं, आपला धंदा सांगेल, आणि अडीच हजारांवर येईल. तुम्ही सोळाशे. मग त्याच चादरीवरचा दुसरा रुपया जोडीला घ्या: ‘दोन्ही घेतो, साडेतीन हजार रोख.’ एकाच गिऱ्हाइकाला दोन नगांत त्याचा फायदा आहे, आणि तुम्हाला प्रत्येकी साडेसतराशे पडतात. चांदीवर दीडेकशे रुपये वर, हे ठीक आहे. तोही दिवसभर उन्हात बसलेला असतो, त्याला काही सुटलं पाहिजे. त्यानं दोन हजारांखाली नाहीच म्हटलं, तर ‘बरं काका’ म्हणून उठावं. असा रुपया पुढच्या रविवारी परत दिसतो. चढ्या किमतीला घासाघीस करायची ती फक्त ज्याला पर्याय नाही अशा नगासाठी, आणि नवख्याला तसे नग ओळखता येत नाहीत.

घेतलेलं नाणं चिंचेनं किंवा रांगोळीनं घासू नका. काळसर थर गेला की संग्राहक ते नाणं बाजूला ठेवतो, आणि उरते ती फक्त चांदीची किंमत.

एक गोष्ट मात्र घासाघिशीच्या बाहेरची आहे. ‘शेतात हंडा सापडला, त्यातलं हे’ असं कुणी कानात सांगितलं की निघून जावं. बहुधा ती थाप असते. खरी असली तर जास्त वाईट, कारण 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं आणि परस्पर विकता येत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं; ते घरात ठेवायला हरकत नाही, पण परदेशातल्या मुलाला भेट म्हणून बॅगेत घालून पाठवू नये.