फिटच्या गोळ्या: स्ट्रिप बदलली तर काय बदलते?

सोलापुरात यंत्रमागावर काम करणारे ३४ वर्षांचे एक रुग्ण बायकोसोबत माझ्याकडे आले. तक्रार चक्करची होती. आठवडाभर चालताना तोल जात होता आणि बोलणे जड झाले होते. वाचायला गेले की एकाचे दोन दिसत होते. बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, कारखान्यात लोक विचारायला लागलेत, दारू चालू केली का म्हणून. हे तर हातसुद्धा लावत नाहीत." आधी एका ठिकाणाहून चक्करची गोळी घेऊन झाली होती. तिने फरक पडला नव्हता.

त्यांना अपस्मार, म्हणजे फिटचा आजार आहे. फेनिटोइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या ते रोज घेतात. पाच वर्षे एकही फिट आलेली नव्हती. बोट दाखवून बाजूला बघायला सांगितले, तर बुबुळे थरथरत होती. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता येत नव्हते. रक्तात फेनिटोइन जास्त झाले की नेमके असे दिसते. पण गोळ्या तितक्याच होत्या. नवे कुठलेही औषध सुरू झाले नव्हते. टीबीचे नाही, बुरशीचे नाही, दारूही नाही.

मी घरातल्या सगळ्या स्ट्रिप मागवल्या. मुलगा पिशवी घेऊन आला. जुन्या रिकाम्या स्ट्रिप एका कंपनीच्या होत्या आणि चालू स्ट्रिप दुसऱ्या. तीन आठवड्यांपूर्वी नेहमीची गोळी मेडिकलमध्ये संपली होती. "कंटेंट तोच आहे," असे सांगून दुसरी दिली गेली. मुलाने नाव वाचले, फेनिटोइन सोडियम १०० मिलिग्रॅम. बरोबरच होते. त्यामुळे घरात कुणालाच काही वावगे वाटले नाही.

रक्ततपासणीत फेनिटोइनची पातळी २७ आली. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर असावी लागते. मागच्या वर्षी, जुन्या ब्रँडवर, याच रुग्णाची पातळी १४ होती.

कंटेंट तोच, मग पातळी दुप्पट कशी?

गोळीत औषधाशिवाय इतरही पदार्थ असतात. गोळीला आकार यावा, ती पोटात सुटावी यासाठी भरीचे पदार्थ घालावे लागतात. ते कंपनीगणिक वेगळे असतात. औषधाचा कणही कुठे बारीक, कुठे जाडसर असतो. फेनिटोइन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आतड्यातून रक्तात किती जाईल हे या गोष्टींवर बरेच अवलंबून राहते.

याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराचा आहे. १९६८ च्या सुमारास तिथे फेनिटोइन घेणाऱ्या अनेक रुग्णांना एकाच काळात तोल जाणे, गुंगी असे त्रास सुरू झाले. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूलमधले औषध तेवढेच होते. फक्त भरीचा कॅल्शियम सल्फेट काढून त्या जागी लॅक्टोज घातले होते. आधीच्या भरीमुळे औषध कमी शोषले जात होते आणि नव्या भरीने ते जास्त शोषले जाऊ लागले.

पण शोषणातला फरक थोडासा असला, तर पातळी एवढी का चढते? हे मी त्या रुग्णाला मागाच्या भाषेत समजावले. समजा, कारखान्यात दहा माग आहेत. नऊ माग पुरतील एवढे सूत रोज येते, तोवर काम सुरळीत चालते. रोज अकरा मागांचे सूत यायला लागले, तर उरलेले सूत कोपऱ्यात साचत जाते. रोज थोडेच उरते, पण ढीग वाढत राहतो. फेनिटोइन मोडणाऱ्या यकृताचे असेच आहे. त्याची दिवसाची क्षमता ठरलेली असते आणि नेहमीच्या डोसवर ती जवळपास भरलेली असते.

यकृताच्या क्षमतेचे नेहमीचे सूत्र या रुग्णाला लावले, तर हिशोब असा येतो. शोषण केवळ १५ टक्क्यांनी वाढले, तर पातळी १४ वरून साधारण २७ वर जाते. तेवढ्याच टक्क्यांनी घटले, तर ती साधारण ८ वर उतरते. एका बाजूला तोल जातो, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांनी पुन्हा फिट येऊ शकते. यंत्रमागावर उभ्या माणसाला दोन्ही धोक्याचेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नवी पातळी स्थिरावायला एक ते तीन आठवडे लागतात. त्रास सुरू होतो तेव्हा स्ट्रिप बदलल्याचे विसरून गेलेले असते. म्हणून चक्कर, दुहेरी दिसणे, जीभ जड होणे, जास्त झोप येणे किंवा पुन्हा झटके येणे, यांपैकी काहीही झाले तर मागच्या महिनाभरात स्ट्रिप बदलली का, हे आधी आठवा.

त्या रुग्णाच्या न्यूरोलॉजिस्टशी मी फोनवर बोललो. त्यांच्या सल्ल्याने एक दिवस गोळी थांबवली आणि मग जुन्याच ब्रँडवर तोच डोस सुरू केला. तोल सावरेपर्यंत मागावर जायचे नाही, असे बजावले. दहा दिवसांत चाल सुधारली. तीन आठवड्यांनी पातळी १५ आली. असा एक दिवस गोळी थांबवणे पातळी बघून, डॉक्टरांनी ठरवायचे असते. घरी स्वतःहून कधीही करू नका.

सगळ्या फिटच्या गोळ्यांचे असे असते का?

नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये या गोळ्यांचे तीन गट केले. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन या पहिल्या गटात रुग्णाला एकाच कंपनीच्या गोळीवर ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम, टोपिरामेट वगैरे दुसऱ्या गटात रुग्ण पाहून डॉक्टरांनी ठरवावे. लेव्हेटिरासिटॅम, लॅकोसामाइड यांच्या तिसऱ्या गटात ब्रँड बदलल्याने सहसा अडचण येत नाही.

याचा अर्थ जेनेरिक गोळी वाईट असाही नाही. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी पहिल्यापासून घेत असाल आणि फिट आटोक्यात असतील, तर तुमच्यासाठी तीच योग्य. महागड्या ब्रँडवर जायची गरज नाही. त्रास होतो तो महिन्या-महिन्याला वेगळी गोळी घेतल्याने. मात्र सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी केंद्रात खरेदी टेंडरने होते, त्यामुळे दुकान तेच असले तरी बनवणारी कंपनी बदलू शकते. प्रत्येक वेळी स्ट्रिप बघून घ्या.

स्ट्रिपवर काय वाचायचे?

आधी औषधाचे मूळ नाव. २०१८ पासून ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावे लागते. नंतर मिलिग्रॅम. मग ब्रँडच्या नावापुढची सीआर, ईआर, एसआर अशी अक्षरे. ती असतील, तर गोळीतले औषध हळूहळू सुटते. कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट साध्या आणि अशा, दोन्ही प्रकारांत मिळतात. मिलिग्रॅम सारखे असले तरी साधी गोळी आणि सीआर गोळी एकमेकींच्या जागी घेऊ नयेत.

शेवटी बनवणाऱ्या कंपनीचे नाव. कधीकधी ब्रँड एका कंपनीचा असतो आणि गोळी बनवते दुसरीच. कापलेली स्ट्रिप घेताना बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रिकामी स्ट्रिप फेकू नका. पुढच्या वेळी तीच काउंटरवर ठेवा आणि "हीच द्या" म्हणा. मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो असला तरी चालतो.

मेडिकलवाल्यांनी दुसरी दिली तर?

आपल्याकडचे औषध नियम याबाबतीत स्पष्ट आहेत. शेड्यूल एचमधले, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारे औषध असेल, तर लिहिलेल्या गोळीऐवजी, कंटेंट तोच असला तरी, दुकानदाराने दुसरी देऊ नये. त्यामुळे "डॉक्टरांना फोन लावून विचारतो, मग घेतो" असे सांगायला संकोच करू नका.

खरी अडचण येते ती पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड सोलापुरात किंवा तालुक्याला मिळत नाही तेव्हा. रोज तीन गोळ्या असतील, तर दहाची स्ट्रिप जेमतेम तीन दिवस पुरते. म्हणून महिन्याच्या नऊ स्ट्रिप एकदम घ्या आणि शेवटच्या तीन उरल्या की पुढच्या मागवा. म्हणजे दहा दिवस हाताशी राहतात. ब्रँड इथे कायमच मिळत नसेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. ते इथे मिळणारा ब्रँड लिहून देतील.

इतके करूनही रात्री गोळ्या संपल्या आणि दुसऱ्याच कंपनीची मिळाली, तर ती घ्या. गोळी चुकवण्यापेक्षा वेगळ्या कंपनीची गोळी केव्हाही बरी. फिटचे औषध अचानक बंद पडले, तर लागोपाठ फिट येऊ शकतात. मूळ नाव, मिलिग्रॅम आणि ती अक्षरे जुळतात ना एवढे बघा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

बदल करायचाच असेल तर

किंमत परवडत नाही किंवा ब्रँड बंद झाला, ही बदलाची रास्त कारणे आहेत. डॉक्टरांना न लाजता सांगा. फेनिटोइनसारखी गोळी असेल, तर आम्ही आधी रक्तातली पातळी बघतो. तारीख ठरवून गोळी बदलतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पातळी पुन्हा तपासतो. रक्त सकाळी, गोळी घेण्याआधी द्यायचे असते. या काळात गाडी चालवणे, विहिरीवर किंवा उंचावर काम करणे आणि चालू यंत्राजवळ एकटे थांबणे टाळा. जुन्या-नव्या स्ट्रिप मिसळून घेऊ नका. बदलाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढे त्रास झालाच तर दुवा लागतो.

या काळात फिट आली आणि पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना जुनी आणि नवी, दोन्ही स्ट्रिप सोबत न्या.