'करावे' म्हणजे नेमके काय करावे?

रहाटणी : चाकण, भोसरी आणि चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या एखाद्या लहान उद्योगाची कल्पना करा. तपासणीच्या टेबलाजवळ मराठी सूचनापत्रक लावलेले आहे. 'व्हर्नियर कॅलिपरचे कॅलिब्रेशन दर १२ महिन्यांनी करावे. वापर वाढल्यास ही मुदत कमी करावी. कॅलिब्रेशन बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावे.' वाक्ये शुद्ध आहेत, सोपीही आहेत. तरीही हे भाषांतर चुकले आहे. मूळ इंग्रजी मजकुरात पहिल्या वाक्यात 'शॅल' होते, दुसऱ्यात 'शुड' आणि तिसऱ्यात 'मे'. मराठीत मात्र तिन्हींचे 'करावे' झाले.

तांत्रिक मानकांमध्ये या तीन शब्दांचे अर्थ व्याख्येने बांधलेले असतात. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत प्रस्तावनेतच ते सांगितले आहेत. 'शॅल' म्हणजे पाळलीच पाहिजे अशी आवश्यकता, 'शुड' म्हणजे शिफारस आणि 'मे' म्हणजे परवानगी. 'कॅन' हा चौथा शब्द शक्यता किंवा क्षमता दाखवितो. लेखापरीक्षक कारखान्यात येतो तेव्हा हाच भेद निर्णायक ठरतो. 'शॅल' पाळले नाही तर त्रुटीची नोंद होते. केवळ 'शुड' पाळले नाही म्हणून होत नाही.

एका प्रत्ययावर तीन ओझी

मराठीतील विध्यर्थ, म्हणजे 'करावे', 'असावे', 'घ्यावे' ही रूपे, मुळातच अनेकार्थी आहे. 'मुलांनी खरे बोलावे' यात कर्तव्य आहे, 'जरा विश्रांती घ्यावी' यात सल्ला आहे, तर 'ज्याला हवे त्याने न्यावे' यात मुभा आहे. बोलताना प्रसंग आणि आवाज अर्थ ठरवितात. सरकारी अर्जावरचे 'सही करावी' हे बंधन आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. यंत्राशेजारच्या कागदाला असा आवाज नसतो. सगळीच वाक्ये 'करावे'ने संपली, की कोणते सोडून चालेल हे वाचणारा आपल्या समजुतीने ठरवितो.

वरच्या उदाहरणात याचा परिणाम कसा होईल ते पाहू. निरीक्षकाने पहिले वाक्य सल्ला म्हणून वाचले आणि कामाच्या गर्दीत कॅलिब्रेशन १५ व्या महिन्यात झाले. मुदत मोडली, ही एक त्रुटी झालीच. त्यात कॅलिपर ०.०५ मिलिमीटर चुकीचे दाखवीत असल्याचे आढळले आणि तेवढ्या चुकीने तो त्या कामासाठी अयोग्य ठरला, तर प्रश्न तेथेच थांबत नाही. अशा उपकरणाने पूर्वी घेतलेली मापे बाधित झाली आहेत का, हे ठरविण्याची आवश्यकताही याच मानकात आहे. म्हणजे चाकणला रवाना झालेल्या मालाच्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागतात. तिसऱ्या वाक्यात उलटे घडते. बाहेरच्या प्रयोगशाळेकडे जाण्याची केवळ मुभा होती. ती सक्ती समजली गेल्याने, कारखान्यात योग्य मानक साधने आणि प्रशिक्षित माणूस असूनही प्रत्येक उपकरण बाहेर पाठविले जाते आणि खर्च वाढतो.

सावधगिरी म्हणून सगळीकडेच 'पाहिजे' लिहिणे हाही उपाय नव्हे. कारखान्याने स्वतः लिहिलेली कार्यपद्धती त्याच्यावर बंधनकारक ठरते आणि परीक्षक तीही तपासतो. शिफारशीला सक्ती केली, की मानकाने न मागितलेली त्रुटी आपणच ओढवून घेतो.

'शकतो' आणि 'नाही' यांचे सापळे

'मे'साठी सर्रास 'करू शकतो' लिहिले जाते. तेच रूप 'कॅन'लाही लागते. 'प्रेस मिनिटाला ४० ठोके मारू शकतो' ही क्षमता आहे, 'ओलाव्याने पृष्ठभाग गंजू शकतो' ही शक्यता आहे. पण 'ऑपरेटर वेग बदलू शकतो' म्हणजे यंत्रात तशी सोय आहे, की ऑपरेटरला तशी परवानगी आहे? सुरक्षेच्या सूचनेत हा संदेह धोक्याचा ठरतो. ही अडचण एकट्या मराठीची नाही. फ्रेंचमध्येही 'मे' आणि 'कॅन' या दोहोंसाठी एकच क्रियापद येते, त्यामुळे तेथेही अर्थ वेगळा करून सांगावा लागतो.

नकारात चूक अधिक सहज होते. 'शॅल' म्हणजे 'बंधनकारक आहे' असे एकदा ठरविले, की 'शॅल नॉट'साठी हात आपोआप 'बंधनकारक नाही' लिहितो. 'गार्ड काढणे बंधनकारक नाही' याचा अर्थ गार्ड काढला नाही तरी चालेल, आणि काढला तरीही चालेल! मूळ मनाई येथे मुभा होऊन बसते. 'काढू नये' हेही पुरेसे नाही, कारण ते 'करावे'चेच नकारी रूप आहे आणि सल्ल्यासारखे वाचता येते. मनाईसाठी 'काढता कामा नये' किंवा 'काढण्यास मनाई आहे' हे निःसंदिग्ध आहे.

एका शब्दाला एकच रूप

कायद्याच्या मराठीने हा प्रश्न पूर्वीच सोडविला आहे. तेथे 'शॅल'साठी 'असेल', 'करील' अशी भविष्यकाळी रूपे आणि 'मे'साठी 'करता येईल' असा संकेत रूढ आहे. वकिलाला तो कळतो. पण 'ऑपरेटर यंत्र बंद करील' हे वाक्य कामगाराला आज्ञेऐवजी भाकीत वाटेल. म्हणून कारखान्यासाठी वेगळा संकेत बरा : 'शॅल'ला 'केले पाहिजे', 'शुड'ला 'करणे उचित', 'मे'ला 'करण्यास मुभा आहे' आणि 'कॅन'ला 'शक्य आहे' किंवा 'शकते'. नकारात अनुक्रमे 'करता कामा नये', 'न करणे उचित', आणि सक्ती नसेल तेथे 'करण्याची गरज नाही'. नुसते 'करावे' या पत्रकांतून वगळलेलेच चांगले.

हा संकेत दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर छापला पाहिजे, कारण इंग्रजीतही 'शॅल'ची ताकद शब्दातून नव्हे, व्याख्येतून आली आहे. भाषा थोडी एकसुरी होईल. शाळेत शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकविले जाते. येथे मात्र 'पाहिजे'ऐवजी मध्येच 'आवश्यक', 'अपेक्षित', 'गरजेचे' असे शब्द आले, की वाचणारा त्यांत वेगळ्या पायऱ्या शोधू लागतो. 'अपेक्षित' तर विशेष फसवे, कारण ते सक्तीही नाही आणि सल्लाही नाही.

भाषांतर तपासण्याची रीत साधी आहे. इंग्रजी न पाहिलेल्या एखाद्या निरीक्षकाला मराठी पत्रक द्या आणि प्रत्येक वाक्यापुढे सक्ती, शिफारस, मुभा किंवा शक्यता यांपैकी एक खूण करायला सांगा. नंतर त्या खुणा मूळ मजकुराशी वाक्यागणिक ताडून पाहा. जेथे खूण जुळत नाही किंवा निरीक्षक पेन्सिल धरून थांबतो, ते वाक्य पुन्हा लिहायचे. सुरुवातीचे पत्रक या कसोटीनंतर असे होईल : 'कॅलिब्रेशन दर १२ महिन्यांनी केले पाहिजे. वापर वाढल्यास मुदत कमी करणे उचित. कॅलिब्रेशन बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेण्यास मुभा आहे.' वाचणाऱ्याला आता अंदाज बांधावा लागत नाही.