दूध पुरत नाही, हे ठरवायचे कोणी?

बाळंतिणीच्या खोलीइतके सल्लागार घरातील दुसऱ्या कोणत्याही खोलीला लाभत नाहीत. आई सांगते पाणी बेताने पी, नाहीतर पोट सुटेल. सासूबाई सांगतात भरपूर दूध पी, म्हणजे अंगावर उतरेल. आत्याबाईंच्या मते कानाला रुमाल बांधून निजले पाहिजे, तर डॉक्टरीणबाई दुसऱ्याच दिवशी चालायला लावतात. यांतील पुष्कळसे मतभेद निरुपद्रवी असतात आणि सव्वा महिना संपला की आपोआप विरून जातात. परंतु एका वाक्यावर मात्र वडीलधाऱ्यांचे एरवी न होणारे एकमत होते आणि नेमके तेच सर्वांत अधिक नुकसान करून जाते. ते वाक्य म्हणजे, “हिचे दूध बाळाला पुरत नाही.”

हा निर्णय कशावरून दिला जातो? बहुधा मुलाच्या रडण्यावरून. एक नमुना म्हणून पहिलटकरणीचे घर घेऊ. पूर्ण दिवसांचे मूल, जन्माचे वजन २८०० ग्रॅम. चौथ्या दिवशी ते २६२० वर आले आणि घरात काळजी सुरू झाली. वास्तविक पहिल्या काही दिवसांत अर्भकाचे वजन थोडे उतरतेच. येथील घट सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अपेक्षेतलीच आहे. पहिले दोन-तीन दिवस येते ते पिवळसर, दाट दूध, म्हणजे चीक. तो चमचाभरच असतो, कारण नवजात बालकाच्या इवल्या पोटाला तेवढाच पुरेसा असतो. पांढरे दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते. चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकणे आणि त्याऐवजी मध चाटवणे, ही जुनी रीत दोन्ही अंगांनी घातक आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. उलट मधातून क्वचित असे जंतू जातात की, त्यांच्या विषाने तान्ह्याचे स्नायू लुळे पडतात. म्हणून पहिले वर्षभर मध द्यायचाच नाही.

बाराव्या दिवशी बारसे होते. घर पाहुण्यांनी भरते, बाळंतीण दिवसभर बसून राहते आणि संध्याकाळी मूल दोन तास रडते. सासूबाई म्हणतात, “पोट भरत नाही त्याचे.” मुलीची आईही बाटलीला संमती देते, कारण लेकीची झोप तिला पाहवत नाही. दिवसातून दोनदा गाईचे दूध पाणी घालून सुरू होते. मूल शांत निजते. सर्वांना हायसे वाटते आणि निदान खरे ठरल्यासारखे दिसते.

येथे काय घडले, ते नीट पाहिले पाहिजे. दूध हे हौदात साठवलेले पाणी नव्हे. ते मागणीप्रमाणे तयार होते. मूल जितक्या वेळा चोखते, स्तन जितके रिकामे होतात, तितके नवे दूध बनते. आणि स्तनांत दूध साचून राहिले की, ते बनण्याचा वेग मंदावतो. बाटलीने पोट भरलेले मूल त्या दोन वेळा अंगावर पीत नाही. आठवडाभरात दूध खरोखरच कमी होते, मग तिसरी बाटली येते. महिन्याअखेर आजी म्हणते, “मी म्हटले नव्हते?” अंदाज खरा ठरला खरा, परंतु अंदाजावरून केलेल्या उपायानेच तो खरा केला.

रडण्याऐवजी काय पाहावे, याची उत्तरे साधी आहेत. पहिला आठवडा संपत आला की, चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात काय? चौदाव्या दिवसाच्या सुमारास जन्माचे वजन भरून आले काय? त्यानंतर दररोज सरासरी वीस-तीस ग्रॅमने ते वाढते काय? आपल्या नमुन्यातील मूल बाटली सुरू होण्यापूर्वीच जन्माच्या वजनाला जवळजवळ पोहोचले होते; तराजू कोणी आणला असता तर वाद तेथेच मिटला असता. संध्याकाळचे रडणे पहिल्या काही आठवड्यांत वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि मग ओसरते. ते पोट भरलेल्या मुलांतही आढळते. ग्रामीण भागात २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ठरलेल्या आहेत. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने येऊन मुलाचे वजन करावयाचे असते. शहरात हे काम दवाखान्यातील तराजू करतो.

वजन खरोखरच वाढत नसेल, तर मात्र तो डॉक्टरांचा विषय होय. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या मुलांचे नियमही वेगळे. तेथेही आधी पाहायचे ते दूध किती आहे यापेक्षा मूल नीट धरते की नाही. तोंड मोठे उघडून बोंडीभोवतीचा काळा भाग बराचसा आत गेला पाहिजे. दर वेळी कळ येत असेल वा बोंड्यांना चिरा पडत असतील, तर पकड चुकली आहे असे समजावे. दिवसरात्र मिळून आठ-बारा वेळा पाजले आणि वरच्या दुधाच्या वेळा, वजनावर लक्ष ठेवून, हळूहळू कमी केल्या, तर आटलेले दूध बहुधा परत येते. वरचे द्यावेच लागले तर वाटी-चमच्याने द्यावे.

आता आईच्या स्वतःच्या गरजेकडे वळू, कारण दुधाच्या चर्चेत ती बाजूला पडते. पाणी तोडल्याने पोट सपाट होत नाही, तिला फक्त मलावरोध आणि डोकेदुखी मिळते, तहानेप्रमाणे प्यावे. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे साधारणतः दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि पेलाभर दूध. तेव्हा अळीव, मेथी, डिंकाचे लाडू यांची आजीची परंपरा हेतूने योग्यच आहे. चूक होते ती भाज्या, फळे व डाळी बंद करण्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नकोच, तिचा वायू जिवावर बेततो.

खरी कमतरता असते ती झोपेची. ‘विश्रांती घे’ म्हणणारे घर दिवसभर पाहुणे बसवून ठेवते. आजीने बाटली भरण्याऐवजी मुलाला न्हाऊ घालावे, कपडे धुवावेत आणि दुपारी आईला दोन तास निजू द्यावे. दूध वाढवण्याचा याहून चांगला उपाय घरात नाही. पहिल्या दिवसांतील रडवेपणा स्वाभाविक; पण तो दोन आठवड्यांपलीकडे टिकला, झोप उडाली, मूल नकोसे वाटू लागले, तर त्याला नखरे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एका तासात कपडा भिजवणारा रक्तस्राव, किंवा स्तनावर लाल, कढत गाठ, यांपुढे कोणाच्याही सल्ल्याची वाट पाहू नये.

नोकरी करणाऱ्या स्त्रीस २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन अपत्यांसाठी, २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळू लागली. तीत तिने आपल्या शरीराची आणि मुलाच्या भुकेची भाषा ओळखावी. वडीलधाऱ्यांचे हात तिला हवेतच. परंतु दूध पुरते की नाही, हा निकाल तराजूने, लंगोटांनी आणि तिने स्वतः द्यावयाचा आहे.