पाण्याच्या निमित्ताने

दहा बाय बाराची खोली. वडील खुर्चीत पेपर वाचताहेत आणि मुलीला नोकरी सोडल्याचं सांगायचं आहे. दोघांना समोरासमोर बसवलं, तर प्रसंग गोठतो आणि प्रत्येक वाक्यासाठी कॅमेरा इकडून तिकडे हलवत, दिवे बदलत बसावं लागतं.

त्यापेक्षा कॅमेरा दाराच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवावा आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळच्या टेबलावर. मुलगी दारात थबकते, मग पाणी प्यायला टेबलाशी येते. आता तिचा चेहरा जवळ, मागे वडील, दोघंही कॅमेऱ्याकडे तोंड करून. ती त्यांच्याकडे न बघता बातमी सांगते, तेव्हा दोघांचे चेहरे एकाच शॉटमध्ये मिळतात. वडील उठून बाजूच्या खिडकीशी जातात, ती वळून बघते. एवढ्यावर बहुतेक प्रसंग झाला. दोघांचा एकेक क्लोजअप घेतला की संकलकाला पुरतं.

क्लोजअप घेताना मात्र दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहायचं, नाहीतर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. पेला कोणत्या शब्दावर, कोणत्या हातात उचलला, हेही प्रत्येक टेकला तेच हवं. कट तिथेच फसतात.

थांबायच्या जागी जमिनीवर टेप लावतात. नट खाली बघून ती शोधू लागला की चाल खोटी पडते, म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय तालीम घ्यावी. ‘इथे का चाललीस?’ याचं उत्तर ‘तुम्ही सांगितलंत म्हणून’ असं आलं, तर ती हालचाल सरळ काढून टाकावी.