बिघडलेल्या अक्षरांची साक्ष

मायक्रोकंट्रोलरकडून सिरियल वायरीवर साधा मजकूर यायला हवा आणि पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि अनोळखी अक्षरे उमटली, की बहुतेक जण टर्मिनलमधला बॉड रेट एकामागून एक बदलून पाहतात. तरीही जमले नाही तर दोन्हीकडचा वेग ११५२०० वरून ९६०० वर आणतात आणि ‘वेग कमी केला की सुधारते’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. बॉड रेटची चूक दोन ठिकाणांहून येते. घड्याळाची वारंवारता पूर्णांकानेच भागता येते, म्हणून भागाकारात थोडी चूक राहते. आणि मुळात ते घड्याळच मागेपुढे असते. वेग कमी केल्याने पहिली चूक घटते, दुसरी मात्र जशीच्या तशी राहते, कारण पाच टक्के हळू चालणारे घड्याळ प्रत्येक वेगाला पाच टक्केच हळू असते. आपल्याकडे यातली कोणती चूक आहे हे बिघडलेली अक्षरेच सांगतात. ती वाचायला हवीत.

यूएआरटीमध्ये घड्याळाची वेगळी वायर नसते. स्टार्ट बिटची उतरती कडा दिसली की घेणारा आपले मोजणे सुरू करतो आणि प्रत्येक बिटच्या मध्यावर वायर वाचतो. आठ बिटांचा डेटा असेल तर स्टॉप बिटचा मध्य त्या कडेपासून साडेनऊ बिटांवर येतो. तोवर साचलेली चूक अर्ध्या बिटापेक्षा जास्त झाली की शेजारचाच बिट वाचला जातो. ०.५ ला ९.५ ने भागले की सुमारे ५.३ टक्के येतात. ही झाली कागदावरची मर्यादा. कडा नेमकी कधी आली हे घेणाऱ्यालाही ठरावीक अंतरानेच कळते, म्हणून एटीमेगा ३२८पीची डेटाशीट आठ बिटांसाठी साध्या पद्धतीत २ टक्के आणि दुप्पट वेगाच्या पद्धतीत १.५ टक्केच फरक ठेवायला सुचवते. हा फरक दोन्ही टोकांमधला आहे, एकट्या आपल्या चिपचा नव्हे.

मोठ्या आणि लहान चुकीच्या खुणा वेगळ्या असतात. प्रोग्राममध्ये `F_CPU` १६ मेगाहर्ट्झ लिहिले असेल आणि चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालत असेल, तर अक्षरे निम्म्या वेगाने निघतात. घेणाऱ्याला प्रत्येक बिट दोनदा दिसतो. `U`, म्हणजे 0x55, पाठवला तर स्टार्ट बिटचा दुसरा अर्धा भागच पहिला डेटा बिट समजला जातो आणि 0x66, म्हणजे `f`, उमटतो. शिवाय स्टॉप बिटच्या जागी शून्य सापडते. दर वेळी तेच चुकीचे अक्षर येते. कारखान्यातून येताना या चिपचा CKDIV8 फ्यूज चालू असतो आणि घड्याळ १ मेगाहर्ट्झवर धावते. ८ मेगाहर्ट्झ धरून ९६०० लावलेले असताना टर्मिनल १२०० वर नेल्यावर मजकूर वाचता आला, तर दोष तिथेच आहे. चूक लहान असेल तर मात्र पहिले बिट शाबूत राहतात आणि शेवटचे बिघडतात. पाठवणारा सुमारे सहा टक्के हळू असेल, तर आठव्या बिटाच्या जागी सातवा वाचला जातो. इंग्रजी अक्षरांत सातवा बिट १ आणि अंकांत ० असतो, म्हणून अक्षरे विचित्र होतात आणि अंकांच्या बिटांना धक्का लागत नाही. उलट, पाठवणारा किंचित वेगवान असेल तर एकेक अक्षर थांबून पाठवल्यास ठीक येते आणि सलग ओळ कोसळते, कारण स्टॉप बिटच्या जागी पुढच्या अक्षराचा स्टार्ट बिट वाचला जातो.

खूण ओळखली की मोजणे सोपे आहे. `U` चे बिट आलटून पालटून ०-१ असल्याने तो खंड न पडता पाठवला की वायरीवर चौकोनी लहर तयार होते आणि तिच्या वारंवारतेची दुप्पट म्हणजे खरा बॉड रेट. समजा ८ मेगाहर्ट्झ धरून पुढील सूत्राने ९६०० साठी ५१ ही किंमत ठेवली आहे:

```
UBRR0 = f / (16 * baud) - 1
```

भागाकाराची चूक इथे जेमतेम ०.२ टक्के आहे, अपेक्षित वेग ९६१५. पण लॉजिक अॅनालायझरवर ४५७० हर्ट्झ दिसले, तर खरा वेग ९१४० आणि घड्याळ ७.६ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. ९६०० पेक्षा हा वेग ४.८ टक्के कमी, म्हणजे कड्याच्या अगदी टोकावर. असे यंत्र कधी चालते, कधी नाही. इथे २४०० वर जाऊनही काही साधणार नाही. किंमत ४९ केली तर वेग सुमारे ९५०६ होतो आणि चूक एका टक्क्यावर येते.

यावर कोणी म्हणेल, ११५२०० ला १६ मेगाहर्ट्झवर दुप्पट वेगाच्या पद्धतीत २.१ टक्के चूक असूनही अर्डुइनो उनो बोर्ड बिनतक्रार चालतो. खरे आहे, पण त्याचे कारण असे की यूएसबी सांभाळणारी दुसरी चिपही १६ मेगाहर्ट्झवरच चालते आणि भागाकारात तशीच चुकते. दोघांमधला फरक जवळपास शून्य होतो. त्याच पिनांना नेमक्या ११५२०० वर बोलणारे मॉड्यूल जोडले की तेच २.१ टक्के पूर्ण अंगावर येतात. दुसरा आक्षेप असा, की सरळ क्रिस्टल लावावा. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ११५२०० ला बरोबर भागला जातो, त्यामुळे त्याने दोन्ही चुका मिटतात, हे मान्य. मात्र त्यासाठी दोन पिना द्याव्या लागतात. पिना मोकळ्या नसतील तर OSCCAL रजिस्टर उरते. कारखान्यातली जुळणी ३ व्होल्ट आणि २५ अंशांवर ±१० टक्क्यांपर्यंतच हमी देते, आपण केलेली ±१ टक्क्यापर्यंत नेता येते. पण ती ज्या व्होल्टेजला आणि तापमानाला केली तिथेच लागू पडते, म्हणून टेबलावर जुळवलेली चिप उन्हात तापणाऱ्या बंद डब्यात बसणार असेल, तर `U` ची लहर त्या डब्यात, त्याच बॅटरीवर पुन्हा मोजावी लागते.