पंपिंग तीस, तरी चालतोय कसा?

तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्यासमोर दोन कागद ठेवून बसले होते. दोन्ही टूडी एकोचे रिपोर्ट, मध्ये चार महिन्यांचं अंतर. पहिल्या वेळी ते आले तेव्हा पायांवर सूज होती, रात्री आडवं झालं की धाप लागे, तीन उशा लागत. त्याआधी काही महिन्यांपूर्वी त्यांना मोठा हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला होता आणि दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला होता. तेव्हाच्या एकोत हृदयाचं 'पंपिंग' ३० टक्के होतं. आता सूज गेली होती, वजन पाच किलोंनी उतरलं होतं, एकच उशी पुरत होती. आणि नव्या रिपोर्टवर आकडा होता ३२.

"डॉक्टर, आकडा तर तिथंच आहे. मग मी बरा झालो कसा?" मास्तरांनी विचारलं.

हा प्रश्न शंभरातल्या नव्वद रुग्णांना पडतो, पण विचारतात थोडे. त्याचं उत्तर द्यायचं तर हार्ट फेल्युअर मोजायच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत हे आधी सांगावं लागतं.

पहिली पट्टी न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची, १९२८ सालची. तेव्हा एको नव्हता, म्हणून ती रुग्णाच्या बोलण्यावरच उभी आहे. रोजच्या कामात काहीच त्रास नसेल तर पहिला वर्ग. जिना चढताना, भरभर चालताना दम लागत असेल तर दुसरा. अंघोळ, कपडे घालणं, घरातल्या घरात चालणं एवढ्यानेही दम लागत असेल तर तिसरा. बसल्या जागी धाप असेल तर चौथा. हा वर्ग वर-खाली होतो. मास्तर आले तेव्हा चौथ्यात होते, चार महिन्यांत वर चढले.

दुसरी पट्टी २००१ साली अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी आणली. ती त्रास नव्हे, आजाराची मजल मोजते. 'ए' म्हणजे हृदय शाबूत, पण रक्तदाब किंवा मधुमेहामुळे धोका. 'बी' म्हणजे हृदयात बिघाड झालेला, पण त्रास अजून नाही. 'सी' म्हणजे बिघाडही आहे आणि त्रास आहे किंवा पूर्वी कधीतरी झालेला आहे. 'डी' म्हणजे सगळे उपचार करूनही आवरत नाही अशी अवस्था. या पट्टीवर माणूस पुढेच सरकतो, मागे येत नाही. मास्तरांचा त्रास संपला तरी ते 'सी'तच राहणार होते.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. आपण ज्याला पंपिंग म्हणतो ती टक्केवारी आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्याला बाहेर पडतो, एवढंच ती सांगते. निरोगी कप्प्यात समजा ११० मिलिलिटर रक्त मावतं आणि त्यातलं ६० टक्के बाहेर जातं. म्हणजे ६६ मिलिलिटर. मास्तरांचा स्नायू एका बाजूने मेला, तसा उरलेला कप्पा महिन्याभरात ताणून मोठा झाला. त्यात २२० मिलिलिटर मावू लागलं. त्याचे ३० टक्के किती? तेही ६६. मिनिटाला ७५ ठोके धरले तर दोन्ही हृदयं जवळजवळ पाच लिटर रक्त फिरवतात. खुर्चीत बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

मग बिघडलं कुठे? पहिली गोष्ट, निरोगी हृदयाकडे शिल्लक असते. धावपळ करताना ते मिनिटाला बारा-पंधरा लिटरही फिरवू शकतं. मास्तरांच्या हृदयाची शिल्लक आधीच खर्च झाली होती. दुसरी, कप्पा जितका मोठा तितका त्याच्या भिंतीवर ताण जास्त. तेवढंच रक्त ढकलायला त्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि ताणाने तो आणखी मोठा होतो. कितीदा तर मधली झडप नीट मिटत नाही आणि त्या ६६ मधलंही काही रक्त मागे फिरतं.

सूज आणि धाप यांचा धागा आणखी वेगळा आहे. रक्त कमी पोहोचतंय असं मूत्रपिंडाला वाटलं की ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ते पाणी शिरांत साठतं, फुप्फुसातला दाब वाढतो, आणि धाप लागते ती या दाबामुळे. लघवी वाढवणाऱ्या गोळीने मास्तरांचं पाणी काढलं, दाब उतरला, धाप गेली. मेलेला स्नायू मात्र मेलेलाच होता.

याची उलट बाजूही रोज दिसते. त्याच आठवड्यात सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. पंपिंग ६२, आणि चार पावलांत धाप. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने त्यांचा कप्पा जाड आणि ताठ झाला होता. तो रक्त ढकलत होता ठीक, पण सैल होऊन भरून घेत नव्हता. त्यामुळे मागे फुप्फुसात दाब चढत होता. त्यांना दोन ठिकाणी "पंपिंग नॉर्मल आहे, हृदयाचं काही नाही" असं सांगून परत पाठवलं होतं.

मास्तरांच्या कागदावर मी त्या दिवशी 'वर्ग पहिला' असं लिहिलं. कारण त्यांनी ठासून सांगितलं, "आता काहीच त्रास नाही." पेन खाली ठेवतोय तोच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, त्रास कसा होईल? वरच्या खोलीत जायचं सोडलंय त्यांनी. भाजी मुलगा आणतो. देवळात जाणंसुद्धा बंद."

ही चूक माझी होती. मी त्रास विचारला, काम विचारलं नाही. माणूस नकळत आपली हालचाल आखडून घेतो, आणि मग दम लागायला कारणच उरत नाही. मी त्यांना आमच्या लांब ओट्यावर सहा मिनिटं चालायला लावलं. ते एकदा थांबून २९० मीटर चालले. त्यांच्या वयाचा निरोगी माणूस चारशेच्या पुढे सहज जातो. मी पहिला खोडून तिसरा लिहिला. तेव्हापासून मी "दम लागतो का?" असं विचारत नाही. "गेल्या दिवाळीत काय करत होता, जे आता करत नाही?" असं विचारतो, आणि उत्तर घरच्यांकडूनही घेतो.

त्याच बोलण्यात दुसरी गोष्ट कळली. बरं वाटतंय म्हणून मास्तरांनी दोन गोळ्या महिन्याभरापूर्वीच बंद केल्या होत्या. त्यांनी लघवीची गोळी ठेवली होती, कारण तिचा गुण दिसत होता. ज्यांचा गुण लगेच जाणवत नाही, पण ज्या भिंतीवरचा ताण उतरवतात आणि कप्पा पसरू देत नाहीत, नेमक्या त्याच सोडल्या होत्या.

त्रास नसताना औषध कशाला, याला पुरावा आहे. १९९२ साली पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी, पण त्रास नसलेल्या चार हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही सगळी 'बी' मजलेची माणसं. एनालाप्रिल घेणाऱ्यांत पुढे हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण स्पष्ट कमी दिसलं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात उलट पाहिलं गेलं. हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याच्या आजारातून सावरलेले, त्रास नसलेले, पंपिंगही सुधारलेले रुग्ण घेतले. देखरेखीखाली औषधं बंद केलेल्या २५ जणांपैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. आकडा नॉर्मल झाला तरी मजल मागे येत नाही, ती यासाठी.

मास्तरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हळूहळू मात्रा वाढवत नेली. वर्षभराने पंपिंग ४१ झालं, आणि कप्पा थोडा आवळला. आता त्यांच्या कागदावर मी दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहितो : मजल सी, वर्ग दुसरा. वर्ग खाली आला की ते खूश होतात. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवून स्वतःच म्हणतात, "हे मात्र तसंच. म्हणजे गोळ्याही तशाच."