अर्जातली फिल्म

लघुपट तयार होतो, रंगांचं आणि ध्वनीचं काम आटोपतं, सबटायटल बसतात आणि मग महोत्सवांना पाठवायची धावपळ सुरू होते. अर्ज बहुतेक ऑनलाइनच असतो. जगभरच्या असंख्य महोत्सवांसाठी फिल्मफ्रीवे हे संकेतस्थळ आहे. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ हा खास लघुपटांचाच महोत्सव, तो शॉर्टफिल्मडेपोवरून प्रवेशिका घेतो. आपल्याकडे मुंबईचा ‘मिफ’ आहे, तिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव आहे. कुठेही गेलात तरी लांबी, भाषा, श्रेयनामावली यांच्याबरोबर थोडा मजकूर मागितला जातो: कधी लॉगलाइन, सिनॉप्सिस जवळपास नेहमी आणि बऱ्याचदा डायरेक्टर्स स्टेटमेंट. वर्षभर एका कटवर घासाघीस करणारे दिग्दर्शक हा मजकूर शेवटच्या तारखेच्या रात्री, एका बैठकीत उरकून टाकतात.

हा मजकूर वाचतं कोण? पहिल्या फेरीत स्क्रीनर. घरी बसून, एकामागून एक लिंक उघडून फिल्म बघणारी ही माणसं. काहीजण आधी मजकूर वाचतात, काहीजण मुद्दाम नंतर. पुढच्या फेरीत प्रोग्रॅमर, ज्याला पाच-सहा लघुपटांचा एक खेळ बांधायचा असतो आणि पंधरा दिवसांपूर्वी पाहिलेली फिल्म नेमकी कोणती हे आठवायचं असतं. निवड झालीच तर कॅटलॉग करणारा, जो तुमचा मजकूर बहुधा जसाच्या तसा छापायला घेतो. वाईट फिल्म चांगल्या मजकुरानं निवडली जात नाही. पण चुकीच्या मजकुरानं चांगल्या फिल्मकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते, आणि ती पुरी झाली नाही की दोष फिल्मच्या माथी बसतो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक लघुपट घेऊ. नाव ‘अंगठा’, लांबी १४ मिनिटं. सोलापुरातली साठीतली विडी कामगार बाई. आयुष्यभर विड्या वळून तिच्या बोटांचे ठसे झिजलेत. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही आणि दुकानदार धान्य देत नाही. कुणीतरी सांगतं, हाताला थोडे दिवस आराम द्या, ठसे येतील. पण मजुरी हजार विड्यांवर मिळते. हात थांबला की पैसे थांबले.

दिग्दर्शकाची पहिली लॉगलाइन बहुधा अशी असते: ‘व्यवस्थेच्या चक्रात अडकलेल्या एका कष्टकरी स्त्रीच्या जिद्दीची हृदयस्पर्शी कहाणी.’ हे वाक्य निदान पन्नास फिल्मना चालेल. शिवाय ‘हृदयस्पर्शी’ हा निकाल दिग्दर्शकानं स्वतःच लावून टाकलाय, तो बघणाऱ्यानं लावायचा असतो. दुसऱ्या प्रयत्नात माणूस उलट्या टोकाला जातो: ‘लक्ष्मीबाईचा अंगठा रेशन दुकानात उमटत नाही, त्यामुळे तिला धान्य मिळत नाही.’ आता तपशील आला, पण ही नुसती अडचण झाली. बाई काय करते आणि ते करणं तिला का परवडत नाही, हे आलं नाही. नावाचाही उपयोग नाही. लक्ष्मीबाई म्हटल्यानं अनोळखी वाचकाला काही कळत नाही, ‘विडी कामगार’ म्हटल्यानं पुष्कळ कळतं.

तिसरा खर्डा: ‘ठसे झिजल्यामुळे रेशन नाकारलं गेलेली सोलापूरची वयस्क विडी कामगार महिनाअखेरीपर्यंत हातांना आराम द्यायचं ठरवते, पण हात थांबले की घरातली रोजची कमाईही थांबते.’ यात माणूस आहे, त्याला हवंय ते आहे, मुदत आहे आणि एका हातानं मिळवावं तर दुसऱ्या हातातलं जातं हा पेचही आहे. साधारण वीस-पंचवीस शब्दांत एवढं बसलं की लॉगलाइन झाली. शेवट सांगायचा नाही. ‘तिला धान्य मिळेल का?’ असा प्रश्नही टाकायचा नाही, तो जाहिरातीचा सूर आहे.

हा पेच सापडतच नसेल तर दरवेळी दोष लिहिणाऱ्याचा नसतो. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ आठवा. त्याला ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. शाळेत पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहायला सांगितलाय आणि मुलाच्या घरी तोच पाऊस जिवावर उठलाय. त्या फिल्मची लॉगलाइन तिच्या रचनेतच आहे. काही फिल्म मात्र पेचावर चालत नाहीत, एखाद्या जागेवर किंवा एखाद्या दुपारवर चालतात. तिथे ओढूनताणून संघर्ष घुसवू नये. ‘बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीत पाणी यायच्या आधीचा एक तास’ एवढं सरळ सांगितलं तरी स्क्रीनर योग्य तयारीनं फिल्म बघायला बसतो.

सिनॉप्सिस दोन लांबींत तयार ठेवावा. छोटा पन्नास-साठ शब्दांचा, मोठा दीडशे ते दोनशे शब्दांचा. महोत्सवानं स्वतःची मर्यादा दिली असेल तर अर्थात तीच पाळायची. छोटा कॅटलॉगात जातो, प्रेक्षक तो तिकीट काढण्याआधी वाचतो, म्हणून त्यात शेवट नको. कॅटलॉगवाला जागेसाठी तोही कापू शकतो, म्हणून पहिलं वाक्य एकटं उभं राहील असं लिहावं. लॉगलाइनसाठी वेगळी जागा नसेल तिथे हे पहिलं वाक्यच तिचं काम करतं.

मोठा सिनॉप्सिस निवडणाऱ्यांसाठी असतो आणि त्यात शेवट सांगायचा असतो. नवे दिग्दर्शक इथे हटकून अडतात. उत्सुकता जाईल या भीतीनं ते ‘आणि मग असं काही घडतं की...’ वर थांबतात. निवड समितीला उत्सुकता नको असते, फिल्म स्वतःला कुठे नेऊन सोडते ते हवं असतं. ‘अंगठा’चा मोठा सिनॉप्सिस असा संपेल: ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी मशीन तिचा अंगठा स्वीकारतं. गहू-तांदूळ घेऊन ती घरी येते, पिशवी कोपऱ्यात ठेवते आणि मांडीवर सूप घेऊन पुन्हा विड्या वळायला बसते.’ पुढच्या महिन्यात हे सगळं पुन्हा होणार, हे लिहायची गरज नाही. सिनॉप्सिस वर्तमानकाळात लिहावा आणि पडद्यावर दिसतं-ऐकू येतं तेवढंच त्यात यावं. ‘तिला आयुष्याची व्यर्थता जाणवते’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ती काय करते ते लिहा.

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक वेगळीच आहे. सिनॉप्सिस बहुतेक वेळा पटकथेच्या वेळी, निर्मात्याला किंवा कलाकारांना दाखवायला लिहिलेला असतो आणि तोच अर्जात चिकटवला जातो. मधल्या काळात एडिट झालेलं असतं. समजा, ‘अंगठा’मध्ये एक नातू होता, पुण्याला नोकरीला गेलेला, फोनवर आजीशी भांडणारा. एडिटमध्ये तो धागा पूर्ण गेला, फक्त एका शॉटमध्ये भिंतीवर त्याचा फोटो उरला. सिनॉप्सिसमध्ये मात्र ‘नातवाशी असलेलं तुटक नातं’ तसंच राहिलं. स्क्रीनर आता चौदा मिनिटं त्या नातवाची वाट बघणार आणि शेवटी नोंद करणार: नात्याचा धागा अर्धवट सोडलाय. न घेतलेल्या प्रसंगाबद्दल गुण कापले गेले! यावर उपाय सोपा आहे. फायनल कट एकदा बघायचा, शेजारी सिनॉप्सिस धरायचा आणि पडद्यावर न आलेल्या प्रत्येक गोष्टीवर काट मारायची. मग फिल्म न पाहिलेल्या कुणाला तरी मजकूर वाचायला देऊन विचारायचं, ही फिल्म कशी असेल? उत्तरात लांबीचा, वेगाचा, सुराचा अंदाज फारच चुकला तर मजकूर दुसऱ्याच फिल्मचा आहे.

मजकूर इंग्रजीत जाणार असेल तर आणखी एक तपासणी करायची. रेशनचं धान्य अंगठा लावून मिळतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. फ्रान्समधल्या स्क्रीनरला ‘सरकारी स्वस्त धान्य, ओळख पटवायला बोटाचा ठसा’ हे अर्ध्या वाक्यात सांगितलं नाही, तर सगळा पेचच त्याच्या हातून निसटतो. फिल्मफ्रीवेवर मूळ भाषेतलं नाव आणि सिनॉप्सिस द्यायचीही सोय आहे. मराठी मजकूर तिथे जरूर द्यावा, आणि तो इंग्रजीवरून उलथा केलेला नसावा.

आता डायरेक्टर्स स्टेटमेंट. याची हुकमी विटंबना अशी: पहिला परिच्छेद समस्येवर (‘आपल्या देशात आजही लाखो स्त्रिया...’), दुसरा लहानपणापासूनच्या सिनेमावेडावर, तिसरा दोन दिवसांत, उसन्या कॅमेऱ्यानं, मित्रांच्या मदतीनं शूट केल्यावर आणि शेवटी समाजाला आरसा दाखवल्यावर. समस्या सिनॉप्सिसमधून कळलेलीच असते, वेडाची जागा परिचयात आहे आणि पैसे कमी होते ही सबब पडद्यावर चालत नाही. स्टेटमेंटनं दोनच प्रश्नांना उत्तर द्यायचं असतं: हा विषय तुमच्यापर्यंत कसा आला, आणि तो तुम्ही असाच का चित्रित केलात. दुसरा प्रश्न बहुतेकजण सोडूनच देतात, आणि दिग्दर्शक कळतो तो त्याच उत्तरातून.

‘अंगठा’च्या दिग्दर्शकानं असं लिहावं: ‘आमच्या गल्लीत दुपारी कात्रीचा आवाज यायचा, भिजवलेला तेंदूपत्ता पत्र्याच्या साच्यावर कापल्याचा. शेजारच्या काकूंच्या घरात विड्या वळल्या जायच्या, माझ्या घरात नाही. हा फरक मी फिल्मभर लक्षात ठेवला. म्हणून कॅमेरा हातांच्या जवळ जातो, पण घरातल्या भांडणांच्या वेळी उंबऱ्याबाहेर राहतो. रेशन दुकानातल्या मशीनचा पडदा एकदाही दिसत नाही, फक्त त्याचा नकाराचा बीप ऐकू येतो, कारण बाईलाही तेवढंच कळतं. पार्श्वसंगीत नाही. कात्री आणि बीप यांच्यातच फिल्मची लय शोधायचा प्रयत्न केला.’

हे वाचून प्रोग्रॅमरला कळतं, की संगीत नसणं ही हयगय नव्हती आणि मशीनचा पडदा दाखवायला विसरले नव्हते. दिग्दर्शक त्या समाजातला नाही, हेही त्यानं न लपवता सांगितलं. माहितीपटात तर हे विचारलंच जातं: ज्यांच्यावर फिल्म केली त्यांच्याशी तुमचं नातं काय, ते चित्रीकरणाला कसे तयार झाले. फिल्म निवडली गेली तर प्रश्नोत्तरांत सूत्रसंचालक याच परिच्छेदातून पहिला प्रश्न काढण्याची शक्यता मोठी, त्यामुळे तोंडी बोलता येणार नाही असा एकही शब्द त्यात नको. दीडशे-दोनशे शब्द पुरे. फिल्मचा अर्थ सांगायचा नाही. बाई पुन्हा विड्या वळायला बसते तो पराभव की नेहमीचा दिवस, हे स्टेटमेंटमध्ये लिहून टाकलं, तर स्क्रीनरला शेवटच्या शॉटमध्ये करण्यासारखं काही उरत नाही.